खोडलेला आकडा वाचायचा कसा?

२०२५च्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीतल्या पाच घरांनी फराळाचं सामान एकत्र आणायचं ठरवलं. दोन मोठ्या दुकानांत फिरून भाव बघायचं काम समोरच्या वहिनींनी अंगावर घेतलं. त्यांनी वही नेली नाही. फळ्यांना लावलेल्या किमतीच्या पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि ते अडतीस फोटो मला पाठवून दिले. सोबत एकच ओळ होती, "एक तक्ता करून द्या, म्हणजे कुठून काय घ्यायचं ते कळेल."

तक्त्याला फक्त तीन आकडे लागणार होते. आजची किंमत, खोडलेली किंमत आणि पिशवीचं वजन. अडतीस पट्ट्या हातानं उतरवायला तास-दीड तास लागला असता. पण फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, तर वापरून बघू असं मला वाटलं. टेसरॅक्ट हा त्यातला जुना आणि बऱ्याच जणांच्या माहितीतला. तो १९८०च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जन्मला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. सोयाबीन तेलाच्या एक लिटरच्या पिशवीची पट्टी मी त्याच्यापुढे ठेवली. माणसाच्या डोळ्याला ती स्वच्छ दिसत होती. वर खोडलेली एमआरपी १८५ रुपये, खाली मोठ्या अक्षरांत १३९ रुपये, शेजारी ४६ रुपये बचत आणि कोपऱ्यात एक लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम. प्रोग्रॅमनं वाचलं ते असं:

```
MRP 2485
2139
SAVE 246
1L (9109)
```

या चार ओळींत एकही अक्षर मनानं घातलेलं नाही. प्रत्येक चुकीला कारण आहे आणि ती कारणं कळली की निम्मं काम झालं.

रुपयाचं चिन्ह आपल्याला २०१० साली मिळालं. इंग्रजी मजकुरावर शिकलेल्या मॉडेलला ते परकं असतं आणि परकं चिन्ह दिसलं की मॉडेल आपल्या ओळखीतलं सर्वांत जवळचं अक्षर लावतं. इथे त्यानं `₹` च्या जागी `2` लावला, म्हणून तिन्ही रकमांच्या डोक्यावर दोनचा आकडा येऊन बसला. ग्रॅमचं `g` आणि नऊचा आकडा यांच्यात छोट्या छपाईत फारसा फरक उरत नाही, म्हणून `910g` चं `9109` झालं. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. डाळीच्या पोत्यात खोचलेल्या पुठ्ठ्यावर दुकानदार देवनागरीत भाव लिहितो. इंग्रजी शिकलेला प्रोग्रॅम त्यातला `४` हा `8` समजतो आणि `१` हा `9`. असा पुठ्ठा फोटोत असेल तर प्रोग्रॅमला आधी भाषा सांगावी लागते, नाहीतर ती ओळ सरळ हातानं भरावी.

या चुका एकदा लक्षात आल्या की त्यांना आवर घालता येतो. खरी डोकेदुखी पहिल्या ओळीत होती.

अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम शेवटी आपल्या हातात मजकूर देतो आणि मजकुरात रेघ नसते. `185` खोडलेला आहे की नाही, ही माहिती फोटोत असते, पण मजकूर होताना ती गळून पडते. हातात उरतात दोन सुट्या रकमा. त्यातली जुनी कोणती आणि चालू कोणती, हे त्यांच्या अंगावर लिहिलेलं नसतं. शिवाय रेघ स्वतः नुसती नाहीशीही होत नाही, जाता जाता आकडा बिघडवून जाते. एकच्या दांडीवरून ती आडवी गेली की प्रोग्रॅमला चार दिसतो. १८५चे ४८५ झाले ते असे.

साधी युक्ती म्हणजे आकाराकडे बघणं. सर्वांत मोठा आकडा तो आजचा भाव, बारीक तो जुना. बऱ्याच पट्ट्यांना हे लागू पडलं. मग एका पट्टीवर "वाचवा ३९" हेच सर्वांत मोठ्या अक्षरांत निघालं आणि तक्त्यात तेलाची पिशवी ३९ रुपयांना आली! म्हणून आकारापेक्षा शेजारचा शब्द जास्त भरवशाचा. एमआरपी, ऑफर किंमत, बचत यांपैकी कोणता शब्द आकड्याच्या डावीकडे किंवा लगेच वर आहे, ते बघायचं. प्रोग्रॅम प्रत्येक शब्दाबरोबर तो फोटोत कुठे होता त्या चौकोनाचे मोजमापही देतो, त्यामुळे हे शेजार शोधता येतं.

पण काही पट्ट्यांवर शब्दच नसतात. नुसते दोन आकडे, एक खोडलेला. तिथे रेघच शोधायला लागते. त्यासाठी आकड्यांकडे बघायचं नाही, आकड्यांमधल्या फटींकडे बघायचं. १ आणि ८ यांच्यामध्ये, ८ आणि ५ यांच्यामध्ये कोरी जागा असते. तिथे शाईचं काहीच काम नाही. खोडरेघ मात्र त्या फटींतूनही जाते. म्हणून फोटो काळा-पांढरा करायचा, रकमेभोवतीच्या चौकोनाचा मधला एक-तृतीयांश पट्टा घ्यायचा आणि त्यात सलग काळी रेघ किती लांब आहे ते मोजायचं. कोणत्याही एका आकड्याची आडवी रेघ त्या आकड्याच्या रुंदीपलीकडे जात नाही. चौकोनाच्या रुंदीच्या तीन-चतुर्थांशाहून लांब सलग रेघ सापडली, तर आकडा खोडलेला आहे असं धरायला हरकत नाही. रेघ तिरपी असेल तर हे मोजमाप थोड्या थोड्या कोनांत फिरवून घ्यावं लागतं. आकड्याखालची अधोरेखा यात सापडत नाही, कारण आपण मधलाच पट्टा बघतो.

माझ्याकडे ही पद्धत पहिल्या दिवशी सपशेल फसली. अडतीस फोटोंपैकी निम्म्यांहून जास्त फोटोंत रेघ सापडेना. वहिनींचा मूळ फोटो त्यांच्याच मोबाइलवर उघडला, तेव्हा रेघ होती. फोटो मेसेजमधून पाठवताना ॲपनं त्याचा आकार कमी केला होता आणि त्या दाबादाबीत केसाएवढी राखाडी रेघ पुसट होऊन गेली होती. जाड आकडे टिकले, रेघ गेली. तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून, आकार न घटवता पाठवल्यावर बहुतेक रेघा परत आल्या.

रेघ सापडली म्हणजे ती पुसून आकडा स्वच्छ करता येईल असं वाटतं. थोडाफार येतोही. रेघ दोन-तीन ठिपक्यांएवढी जाड असते. तिच्या मार्गात जिथे काळा भाग त्याहून जाड आहे तिथून आकड्याची दांडी जाते असं मानून तो भाग ठेवायचा, बाकीची रेघ पुसायची. एक, चार, सात यांची दांडी अशानं वाचते. पण आठाची कंबर नेमकी मधोमध असते, तिथेच रेघ बसते. रेघ पुसली की आठाचं शून्य होतं. रेघ ठेवली तर खऱ्या शून्याचा आठ होतो. १८५ होते की १०५, हे त्या ठिपक्यांतून ठरत नाही, फोटो कितीही चांगला असला तरी.

याचं उत्तर त्याच पट्टीवर दुसऱ्या ठिकाणी होतं. पट्टीवर तीन रकमा असतात, पण त्या स्वतंत्र नसतात. खोडलेल्या किमतीतून आजची किंमत वजा केली की बचत यायला हवी. प्रोग्रॅमनं वाचलेले आकडे घेतले तर २४८५ वजा २१३९ बरोबर ३४६. पट्टी मात्र २४६ म्हणते, म्हणजे कुठेतरी चूक नक्की आहे. रुपयाच्या चिन्हाचे दोन काढून टाकले की ४८५, १३९ आणि ४६ उरतात. तरी हिशोब जुळत नाही. आता १३९ आणि ४६ हे दोन्ही न खोडलेले, स्वच्छ आकडे आहेत. त्यांची बेरीज १८५. फोटोत परत बघितलं तर शेवटचे दोन आकडे ८ आणि ५ यांच्याशी जुळतात, पहिल्याची दांडीही एकची आहे. वाचायला सर्वांत अवघड असलेला आकडा असा बाकीच्या दोघांनी मिळवून दिला.

इथे एक पथ्य पाळायला हवं. १८५ हा आकडा आता वाचलेला राहिला नाही, तो काढलेला झाला. त्याच आकड्यावरून पुन्हा "हिशोब जुळला" असं म्हणता येत नाही, कारण तो जुळवूनच आणला आहे. म्हणून तक्त्यात अशा आकड्यापुढे फुली करावी. ज्या पट्टीवर बचत छापलेली नाही आणि खोडलेला आकडा संशयास्पद आहे, तिथे रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना दिसला की माणूस विचारतो. चुकीचा पण शोभेसा आकडा दिसला की कोणी विचारत नाही.

तिसरा आकडा वजनाचा. पट्टीवर त्याला स्वतंत्र जागा क्वचितच असते. मालाच्या नावाच्या शेपटीला तो लावलेला असतो आणि नाव लांब झालं की छापताना शेपूटच कापली जाते. म्हणून फोटो काढताना पट्टीबरोबर तिच्या वरची पिशवीही चौकटीत घ्यावी. त्यानं आणखी एक गोष्ट तपासता येते. गर्दीच्या दुकानात माल सरकतो, अर्ध्या किलोच्या पट्टीवर दोनशे ग्रॅमचा पुडा येऊन बसतो. पट्टीवरचं नाव आणि पिशवीवरचं नाव जुळत नसेल तर ती ओळ तक्त्यात घेऊच नये. बेसनावर "४५० ग्रॅम + ५० ग्रॅम मोफत" असं असेल तर तक्त्यात ५०० लिहायचं, कारण घरी तेवढंच येणार आहे.

वजनाचं महत्त्व अलीकडे वाढलं आहे, त्याला नियमांतला बदल कारण आहे. पूर्वी खाद्यतेलासारख्या काही वस्तू ठरावीक मापांतच विकाव्या लागत. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि मापांची ती सक्ती गेली. त्याच दुरुस्तीनं पुड्यावर दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला किती पैसे पडतात तो एकक-दर छापणं आणलं. ग्राहकाच्या दृष्टीनं ही चांगली सोय आहे, पण तिच्या दोन मर्यादा तक्ता करताना लगेच कळतात. हा दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकानाच्या भावावर नव्हे. आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो. १६८ रुपये एमआरपीच्या ८५० मिलिलिटर पिशवीवर मिलिलिटरला ०.२० रुपये छापलेलं दिसतं. पण खरा दर ०.१९५ पासून ०.२०५ पर्यंत कुठेही असला तरी ०.२०च छापलं जाणार. दोन टोकांमध्ये लिटरमागे दहा रुपयांचा फरक आहे. तेव्हा एकक-दर आपणच काढावा.

तेलाच्या बाबतीत एक गाठ आणखी सोडवावी लागते. काही पिशव्या लिटरमध्ये असतात, काही किलोत. तेल पाण्याहून हलकं असल्यानं लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तापमान वाढलं की तेल प्रसरण पावतं, तेव्हा तेवढ्याच लिटरात वजन कमी बसतं. म्हणून तुलना नेहमी वजनावर करावी. आमच्या फोटोंतल्या एकाच प्रकारच्या तेलाच्या चार पट्ट्या तक्त्यात अशा बसल्या:

| पिशवी | आजची किंमत (₹) | खोडलेली किंमत (₹) | वजन | किलोमागे (₹) |
|---|---|---|---|---|
| अ | १३९ | १८५ × | १ लिटर (९१० ग्रॅम) | १५२.७५ |
| ब | १२९ | १६८ | ८५० मिली (७७४ ग्रॅम) | १६६.६७ |
| क | १४९ | – | १ किलो | १४९.०० |
| ड | ७३५ | ९४० | ५ लिटर (४.५५ किलो) | १६१.५४ |

शेवटचा रकाना काढायला फक्त भागाकार लागतो. १३९ भागिले ०.९१० म्हणजे १५२.७५. ग्रॅम, मिलिलिटर आणि लिटर यांना आधी एकाच मापात आणायचं एवढंच.

आता तक्ता वाचू. दुकानात उभं राहून बघितलं तर ब सर्वांत स्वस्त दिसते, कारण तिच्यावर १२९ लिहिलं आहे. किलोमागे तीच सर्वांत महाग निघाली. ड हा मोठा कॅन, त्यावर २०५ रुपये वाचल्याचं ठळक अक्षरांत लिहिलं आहे, तरी तो एक लिटरच्या पिशवीपेक्षा किलोमागे जवळजवळ नऊ रुपयांनी महाग. आणि जिच्या पट्टीवर काहीच खोडलेलं नाही, जिच्यासमोर बचतीचा रकाना कोरा आहे, ती क सर्वांत स्वस्त.

यावरून खोडलेल्या आकड्याचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे तो बहुधा एमआरपी असतो, म्हणजे उत्पादकानं छापलेली, सर्व करांसह कमाल किंमत. ती वरची मर्यादा आहे. दुकानानं आधी कधी त्या किमतीला माल विकला होता असा तिचा अर्थ नाही. आज १३९ला मिळणारी पिशवी गेल्या महिन्यात १३२ला असेल, तरी पट्टीवर १८५च खोडलेले दिसतील आणि बचतही ठळक छापली जाईल. युरोपीय संघात वेगळा नियम आहे. तिथे सवलत जाहीर करताना आधीची किंमत म्हणून मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. हा नियम मे २०२२पासून लागू झाला. ती किंमत पट्टीवर कोपऱ्यात नुसती लिहून भागत नाही, सवलतीची टक्केवारीही तिच्यावरूनच काढायला हवी, असं युरोपीय न्यायालयानं २६ सप्टेंबर २०२४ रोजी जर्मनीतल्या एका प्रकरणात सांगितलं. तेव्हा जर्मनीत राहणाऱ्या भाचीनं पाठवलेला पट्टीचा फोटो आणि पुण्यातला फोटो एकाच तक्त्यात टाकले, तर "खोडलेली किंमत" या एका शीर्षकाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येऊन बसतील. रकान्याचं नाव आपल्यापुरतं "खोडलेली एमआरपी" असंच ठेवावं.

उलट प्रकारही त्याच दिवाळीत दिसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला. तुपावरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. दुकानात पडून असलेल्या जुन्या मालावर कमी केलेली किंमत चिकटवायची मुभा मिळाली, पण मूळ छापील किंमत झाकायची नाही अशी अट होती. त्यामुळे तुपाच्या बरणीवर दोन किमती होत्या आणि एकही खोडलेली नव्हती. रेघ शोधणारी पद्धत तिथे निरुपयोगी. फोटोत चिकटवलेल्या कागदाची कड दिसते, ती माणसानंच बघायची.

सगळं झाल्यावर मी अडतीसपैकी दहा फोटो चिठ्ठ्या टाकून निवडले आणि तक्ता झाकून हातानं उतरवले. मग ताडून बघितलं. आजची किंमत दहाही ठिकाणी जुळली. खोडलेल्या किमतीत दोन चुका निघाल्या, वजनात एक. म्हणजे किमतीचा रकाना बिनधास्त वापरायचा, खोडलेल्या रकान्यावर एकदा नजर फिरवायची, एवढं कळलं. असा पडताळा रकान्यागणिक करावा. "नव्वद टक्के बरोबर" असा एकच आकडा काढला तर चूक कुठे आहे ते झाकलं जातं.

तक्त्यात साखरेची एक ओळ अर्धवट राहिली होती. फोटोत पट्टीच्या प्लॅस्टिकवर ट्यूबलाइटचा झोत पडला होता आणि आजच्या किमतीचा मधला आकडा त्यात विरघळला होता. बचतही छापलेली नव्हती, म्हणून हिशोबानं काढायला वाव नव्हता. मी रकाना कोरा ठेवला. चार दिवसांनी वहिनी त्या दुकानात पुन्हा गेल्या आणि पट्टी थोडी तिरकी धरून, झोत चुकवून नवा फोटो पाठवला. त्यात पहिल्या फोटोत स्वच्छ दिसत असलेला शेवटचा आकडाही वेगळा होता. भाव बदलला होता. तेव्हापासून आमच्या तक्त्यात सहावा रकाना आहे, फोटोच्या तारखेचा.